पंपाच्या प्रॉडक्ट पेजचं टायटल कसं लिहायचं: एकच पंप घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत

वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले, गोव्यातल्या कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या लहान-मध्यम कंपनीची वेबसाइट उघडा, प्रॉडक्ट पेजच्या टायटलात बहुतेक वेळा दोनातलं एक सापडतं. एकतर नुसता मॉडेल कोड, जो कंपनीबाहेर कुणालाच माहीत नाही. नाहीतर कंपनीचं पूर्ण नाव आणि त्यापुढे "लीडिंग मॅन्युफॅक्चरर, सप्लायर, एक्स्पोर्टर", ज्यात पंप कुठला आहे हेच कळत नाही. मार्केटिंगला नवीन लागलेल्या मुलाला किंवा मुलीला सांगतात "जरा टायटलं सुधार", पण म्हणजे नक्की काय करायचं ते सांगणारा कुणी नसतो. म्हणून इथे एकच पंप घेऊ आणि त्याचं टायटल पायरीपायरीने तयार करू, बाकीचे पंप मग तुम्हीच कराल.

आधी एवढं क्लिअर करू की टायटल म्हणजे पेजच्या कोडमधल्या `<title>` टॅगमधली ओळ, जी ब्राउझरच्या टॅबवर दिसते आणि गूगलच्या रिझल्टमध्ये निळ्या लिंकला बहुतेक वेळा तीच वापरली जाते. पेजवर मोठ्या अक्षरात दिसतं ते हेडिंग, म्हणजे `<h1>`, ते वेगळं. दोन्ही एकमेकांशी जुळती असायला हवीत, का ते पुढे येईल.

आता पंप. समजा तुमच्या कंपनीचा एक सेल्फ प्रायमिंग नॉन-क्लॉग पंप आहे, कोड `VSP-80`. सक्शन-डिलिव्हरी 80 मिमी, साडेसात एचपीची थ्री फेज मोटर, 1450 आरपीएम, बॉडी कास्ट आयर्नची. कर्व्हवरून, म्हणजे किती हेडला, किती उंचीला, किती पाणी मिळतं ते दाखवणाऱ्या ग्राफवरून वाचलं तर 10 मीटर हेडला ताशी 60 घनमीटर पाणी देतो, 14 मीटरला 45, 18 मीटरला 20, आणि 20 मीटरला व्हॉल्व्ह बंद असल्यासारखी अवस्था म्हणजे पाणी शून्य. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या पंपाचे घ्या, पण कॅटलॉगवरून नको हां, टेस्ट बेडवरच्या कर्व्हवरून घ्या.

पायरी 1: कीवर्ड टूल उघडण्याआधी सेल्सवाल्याचा इनबॉक्स उघडा

नवीन माणूस पहिल्यांदा कीवर्डचं टूल उघडतो, त्यात "पंप" टाकतो आणि हजारो सर्च असलेले शब्द बघून खूश होतो. ते सर्च घरच्या टाकीच्या पंपाचे असतात. इंडस्ट्रियल पंपाचे जे खरे सर्च असतात ते इतके कमी की टूलमध्ये बऱ्याचदा शून्य दाखवतात, आणि त्या शून्यातूनच ऑर्डर येते.

कारण हा सर्च होतो कसा ते बघा. फॅक्टरीत मेंटेनन्सवाला इंडेंट भरतो, त्यात एका ओळीत मटेरियलचं वर्णन असतं, ती ओळ पर्चेसकडे जाते, आणि पर्चेसवाल्याला पंपाबद्दल फारसं काही माहीत नसेल तर तो तीच ओळ उचलून गूगलमध्ये टाकतो आणि जे तीन-चार सप्लायर दिसतील त्यांना कोटेशन मागतो. म्हणजे तुमचं टायटल जुळायला हवं ते त्या इंडेंटच्या ओळीशी. ती ओळ कुठे मिळते? तुमच्याच कंपनीत, आलेल्या एन्क्वायरींच्या ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपवर, ट्रेड पोर्टलवरून आलेल्या लीडमध्ये. सेल्सवाल्याच्या शेजारी बसा आणि या पंपासाठी आलेल्या ओळी जशाच्या तशा, स्पेलिंगच्या चुकांसकट, एका शीटमध्ये उतरवा. साधारण अशा दिसतील:

```
self priming sewage pump 45 cum/hr 15 mtr 7.5 hp
mud pump 3 inch 7.5hp with motor
ETP equalization tank pump 40 m3/hr suction lift 4 m
VSP80 mechanical seal
```

या चार ओळींत चार वेगळी माणसं आहेत. पहिला कन्सल्टंटच्या स्पेसिफिकेशनवरून आलाय, त्याच्याकडे फ्लो आणि हेड दोन्ही आहे. दुसरा साइटवरचा माणूस, तो इंच आणि एचपीत बोलतो, हेड विचारलं तर "दुसऱ्या मजल्याएवढं" म्हणेल. तिसऱ्याला पंपाचा प्रकार माहीत नाही, जागा माहीत आहे. चौथ्याकडे पंप आधीपासून आहे, नेमप्लेट वाचून टाइप केलंय आणि त्याला पंप नकोच आहे, सील हवंय.

पायरी 2: एका पेजला एकच काम द्या

चौघांनाही एकाच टायटलात कोंबायचा मोह होतो, आणि मग असलं काहीतरी तयार होतं:

```
VSP-80 Self Priming Mud Pump, Sewage Pump, Dewatering Pump,
Slurry Pump, ETP STP Pump Manufacturer Exporter Goa India
```

हे दिसायलाच वाईट आहे, पण खरी अडचण वेगळी आहे. इतकं लांब टायटल रिझल्टमध्ये पूर्ण दिसत नाही, आणि गूगलला टायटल भरताड वाटलं की तो ते बाजूला ठेवून पेजवरच्या हेडिंगमधून किंवा दुसरीकडून स्वतःच टायटल बनवतो. म्हणजे एवढी मेहनत करून शेवटी दिसणार काय हे तुमच्या हातात राहत नाही.

त्यापेक्षा वाटणी करा. मॉडेलचं पेज पहिल्या दोघांसाठी, म्हणजे ज्यांना साधारण कुठला पंप हवा ते माहीत आहे. जागेवरून शोधणाऱ्या तिसऱ्यासाठी ॲप्लिकेशनचं वेगळं पेज, ज्यात ईटीपीच्या, म्हणजे फॅक्टरीच्या सांडपाण्याच्या प्लांटच्या, टाक्यांना कुठकुठले पंप लागतात आणि तुमच्या सिरीजमधले कुठले बसतात ते असेल. आणि चौथ्यासाठी स्पेअर्सचं पेज, जे जवळजवळ कुणीच बनवत नाही. कोड टाइप करून येणारे बरेचसे लोक स्पेअरसाठीच येतात हो, आणि त्यांना पंप विकायचं पेज दाखवलं की ते परत जातात आणि बाजारातलं लोकल सील घेतात. त्याचं टायटल सोपं आहे, इथे कोड सगळ्यात पुढे:

```
VSP-80 Spares: Mechanical Seal, Impeller, Wear Plate
```

सिरीजमध्ये दहा-बारा मॉडेल असतील आणि प्रत्येकाचं पेज म्हणजे नुसता एक आकडा बदललेला कॉपी-पेस्ट असेल, तर मॉडेलवार पेजं काढू नका. एकच सिरीज पेज ठेवा, त्यात सगळ्या मॉडेलचा तक्ता टाका. वेगळं पेज तेव्हाच काढा जेव्हा त्या मॉडेलचा स्वतःचा कर्व्ह, स्वतःचं डायमेन्शन ड्रॉइंग आणि फोटो टाकायला आहे. आपल्या `VSP-80` चं सगळं आहे असं धरू.

पायरी 3: पंपाला नाव कुठलं

हाच पंप कुणी मड पंप म्हणतं, कुणी सीवेज पंप, कुणी नॉन-क्लॉग, कुणी डीवॉटरिंग. टायटलात यातलं एकच मुख्य नाव बसतं. बाकीची पेजच्या मजकुरात येऊ देत, तिथे जागेची कमी नाही.

मड पंपचा एक घोळ आधी समजून घ्या. आपल्याकडे साइटवर मड पंप म्हणजे गढूळ पाणी उपसणारा हा असला पंप, पण जगभरात मड पंप म्हणजे तेलाच्या विहिरी खणताना ड्रिलिंगचा चिखल दाबाने आत ढकलणारा पिस्टनचा प्रचंड पंप. नुसतं "मड पंप" लिहिलंत तर तुम्ही त्या गर्दीत जाऊन उभे राहता, जिथे तुमचं काहीच काम नाही. पुढे "सेल्फ प्रायमिंग" लावलं की घोळ मिटतो, कारण ड्रिलिंगवाला ते शब्द वापरत नाही.

स्लरी पंप हा शब्द तर या पंपाला लावूच नका. खनिज धुताना जी ओअर स्लरी निघते ती कास्ट आयर्नचा इम्पेलर लवकरच खाऊन टाकते, तिथे हाय क्रोमचे किंवा रबर लायनिंगचे पंप लागतात. टायटलमध्ये स्लरी वाचून कुणी पंप नेला तर काही महिन्यांत तो घासलेला इम्पेलर घेऊन तुमच्या दारात येईल, आणि चूक त्याची नसेल.

आता गोव्यातला नेहमीचा हट्ट: "अरे, माइन डीवॉटरिंग टाक ना, डिचोली, सत्तरी, सांग्याच्या खाणींना पावसात पाणी उपसायला पंप लागतातच." लागतात, खरंय. पण आपल्या पंपाकडे बघा. शटऑफ हेड, म्हणजे पाणी शून्य होतं ते हेड, 20 मीटर. खाणीचा खड्डा त्याहून कितीतरी खोल असू शकतो, आणि पंप वर काठावर ठेवून खालचं पाणी ओढू म्हटलं तर सेल्फ प्रायमिंग असला तरी प्रत्यक्षात सहाएक मीटरच्या पुढे सक्शनचा भरवसा धरू नये. हवेच्या दाबावर पाणी चढतं, थिअरीत समुद्रसपाटीला दहा मीटरच्या आसपास, त्यातून पाइपमधला लॉस, पाण्याची वाफ आणि पंपाला स्वतःला सक्शनकडे लागणारा कमीत कमी दाब, म्हणजे एनपीएसएच, वजा केला की उरतं तेवढंच. म्हणजे पंप खाली तळात न्यावा लागणार आणि तिथून वर फेकायला हेड पुरणार नाही. तेव्हा माइन डीवॉटरिंग हा शब्द दुसऱ्या, जास्त हेडच्या मॉडेलला ठेवा.

हीच गोष्ट जेटी, बार्ज आणि कोळंबीच्या तळ्यांची. खाऱ्या पाण्याचं नाव टायटलात घ्यायचं तर बॉडी आणि इम्पेलर त्या लायकीचे हवेत, एसएस 316 किंवा ब्रॉन्झ. कास्ट आयर्न खाऱ्या पाण्यात वरून ठीक दिसतं, आतून लोखंड निघून जातं आणि ग्राफाइटचा मऊ सांगाडा उरतो, चाकूने खरवडता येतो इतका. ॲप्लिकेशनचा शब्द म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असं धरूनच तो लिहा.

मग या पंपाला काय बसतं? एन्क्वायरीत सीवेज आणि ईटीपी जास्त वेळा आलंय, आणि तांत्रिकदृष्ट्याही तेच बरोबर आहे. सेल्फ प्रायमिंग पंप टाकीच्या वर कोरड्यात बसतो, चोक झाला तर सांडपाण्यात न उतरता कव्हर खोलून साफ करता येतो, एसटीपी म्हणजे सीवेजचा प्लांट चालवणाऱ्याला हेच हवं असतं. मुख्य नाव ठरलं: सेल्फ प्रायमिंग सीवेज पंप. मड पंप मजकुरात.

पायरी 4: कॅपॅसिटीचा आकडा, आणि मॅक्स-मॅक्सची थाप

बहुतेक टायटलं इथेच खोटी होतात, त्यामुळे इथे थोडं थांबू. कॅटलॉगवर लिहिलेलं असतं: मॅक्स फ्लो 60, मॅक्स हेड 20. मार्केटिंगवाला दोन्ही उचलून टायटलात टाकतो, 60 घनमीटर, 20 मीटर. वाचणारा समजतो हा पंप 20 मीटरवर 60 देतो. देत नाही, 20 मीटरला तो काहीच देत नाही! फ्लो वाढला की हेड कमी होतं, कर्व्हची दोन टोकं एकाच वेळी मिळत नाहीत.

हे पकडायला इंजिनियर असायची गरज नाही, एक सूत्र पुरतं. पाण्यासाठी पंपाला शाफ्टवर लागणारी पॉवर:

```
kW = Q × H ÷ (367 × efficiency)
Q : m3/hr, H : m
```

असल्या सॉलिड सोडणाऱ्या पंपाची एफिशिएन्सी 45 टक्के, म्हणजे 0.45 धरू. 60 गुणिले 20 म्हणजे 1200, भागिले 165, उत्तर जवळजवळ 7.3 किलोवॅट. आपली मोटर साडेसात एचपी म्हणजे साडेपाच किलोवॅटची. म्हणजे ते टायटल खरं असेल तर मोटर जळायला हवी. आता 45 आणि 14 टाका: 630 भागिले 165, साधारण 3.8 किलोवॅट, साडेपाचच्या मोटरला आरामात मार्जिन आहे. टायटलातले आकडे लिहून झाले की दरवेळी हे गणित करून बघा, मोटरपेक्षा पॉवर जास्त आली तर कुणीतरी टोकं जोडलेली आहेत. उत्तर कमी आलं म्हणून टायटल बरोबरच आहे असं मात्र नाही, ते कर्व्हवरच बघायचं.

म्हणून टायटलात जोडीने येणारा एकच पॉइंट द्या, जिथे पंप सगळ्यात चांगला चालतो तो. आपला 14 मीटरला 45. आणि मनात गैरसमज ठेवू नका की कुणी बरोब्बर 45 आणि 14 टाइप करून येईल. पहिल्या एन्क्वायरीत 45 आणि 15 होतं, तिसऱ्यात 40. आकडा सर्चशी तंतोतंत जुळायला नसतो. दहा रिझल्ट दिसले की पर्चेसवाला आपल्या इंडेंटच्या जवळचा आकडा बघून क्लिक करतो आणि ज्याला 5 घनमीटर हवेत तो क्लिक करत नाही, दोन्ही तुमच्या फायद्याचं.

युनिट कुठलं ते तुमच्या एन्क्वायरीतच दिसेल. एसटीपी-ईटीपीवाले ताशी घनमीटर लिहितात, लहान पंपांना एलपीएम, म्हणजे मिनिटाला लिटर, चालतं, सरकारी टेंडरात एलपीएस, म्हणजे सेकंदाला लिटर, बऱ्याचदा असतं. बदलून घ्यायचं तर 1 एलपीएस म्हणजे ताशी 3.6 घनमीटर, आणि 60 एलपीएम. टायटलात एकच युनिट, बाकीची तक्त्यात. आणि वर छोटा तीन असलेलं सुंदर घनमीटर टाइप करत बसू नका, लोक `m3/hr` लिहितात, तसंच लिहा.

केएलडी, म्हणजे दिवसाला किती हजार लिटर, हे मात्र पंपाच्या टायटलात घेऊ नका, ती प्लांटची कॅपॅसिटी असते, पंपाची नव्हे. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलचा माणूस "शंभर केएलडीच्या एसटीपीला पंप" असं विचारेल. शंभर घनमीटर चोवीस तासांत म्हणजे ताशी साधारण 4.2, सकाळच्या गर्दीसाठी तीनपट धरलं तरी साडेबारा. त्याला आपला 45 चा पंप फारच मोठा होतो, टाकी लगेच रिकामी करून दिवसभर चालू-बंद होत राहील. उलटं काढलं तर 45 चा पंप साडेतीनशे केएलडीच्या आसपास शोभतो, म्हणजे मोठं रिसॉर्ट किंवा मोठी कॉलनी. हे गणित पेजवर मजकुरात टाका, फार कामाचं आहे, आणि लहान हॉटेलवाल्याला तिथूनच तुमच्या लहान मॉडेलची लिंक द्या.

पायरी 5: कोड आणि एचपी

कोड टायटलात हवाच, पण पहिला नको. नावाजलेल्या ब्रँडचा कोड लोक पाठ असल्यासारखा टाइप करतात, तुमचा नाही, तेव्हा अनोळखी माणसाला पहिल्यांदा पंप काय आहे ते दिसू दे आणि लगेच मागून कोड. स्पेलिंग एकच ठरवा आणि ते नेमप्लेटवर असतं तेच असू दे. लोक `VSP80`, `VSP 80`, `VSP-80` तिन्ही टाइप करतात. हायफन आणि स्पेसमधला फरक गूगल सांभाळून घेतो, चिकटून लिहिलेलं मात्र वेगळाच शब्द होऊ शकतो, म्हणून ते एकदा मजकुरात येऊ दे. तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचं सर्च बॉक्स तर याहून बावळट असतं, त्यात तिन्ही टाकून बघाच. नेमप्लेटवर ओ आणि शून्य सारखं दिसत असेल तर तो दोष टायटलात सुधारणार नाही, तो प्रॉडक्शनवाल्यांना सांगा.

एचपी लिहा, कारण साइटवरचा आणि मेंटेनन्सचा माणूस एचपीतच बोलतो. पण युनिटशिवाय नुसता साडेसात कधीही नको. साडेसात एचपी म्हणजे साडेपाच किलोवॅट, आणि साडेसात किलोवॅट म्हणजे दहा एचपी, दोन्ही स्टँडर्ड मोटरी आहेत, त्यामुळे नुसता आकडा वाचून दोघे दोन वेगळ्या मोटरी समजतात आणि स्टार्टर-केबल चुकीची येते. कोडमध्येच `/7.5` असेल तर जास्तच जपा.

पायरी 6: जोडणी

सगळं जुळवलं की असं होतं:

```html
<title>Self Priming Sewage Pump VSP-80 – 45 m3/hr at 14 m, 7.5 HP</title>
```

स्पेस धरून साठेक अक्षरं. गूगलने अक्षरांची मर्यादा अशी दिलेली नाही, स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दाखवतो, इंग्रजीत साधारण पंचावन्न-साठपर्यंत बरं चालतं. शेवटची दोन-चार अक्षरं कापली गेली तरी आकाश कोसळत नाही, कापलेला भाग टायटलमध्ये असतोच, फक्त दिसत नाही. म्हणूनच एचपी शेवटी ठेवलाय, प्रकार आणि कोड पुढे. 80 मिमी बसला नाही, तो हेडिंगमध्ये येईल:

```html
<h1>VSP-80 Self Priming Sewage Pump, 80 mm, 7.5 HP</h1>
```

"गोवा" का नाही म्हणाल तर पुण्यातल्या किंवा बेळगावच्या पर्चेसवाल्याला पंप कुठे बनला याने मॉडेलच्या पेजवर फरक पडत नाही. "गोव्यात पंप मॅन्युफॅक्चरर" शोधणाऱ्यासाठी होमपेज आणि कॉन्टॅक्टचं पेज आहे, तिथे गोवा घाला, वेर्णाही घाला. "बेस्ट", "हाय क्वालिटी", "हेवी ड्युटी" इंडेंटमध्ये कुणी लिहीत नाही, मग टायटलात कशाला.

पायरी 7: लावा आणि लागलं का ते बघा

वर्डप्रेस असेल तर एसईओ प्लगइन टायटलच्या मागे साइटचं नाव आपोआप चिकटवतो. योस्टमध्ये तो साचा असा दिसतो:

```
%%title%% %%page%% %%sep%% %%sitename%%
```

साइटच्या नावात "इंजिनियरिंग वर्क्स प्रायव्हेट लिमिटेड, लीडिंग मॅन्युफॅक्चरर" असं काही असलं तर तुमचं मोजूनमापून केलेलं टायटल शंभर अक्षरांचं होऊन बसतं आणि तुम्हाला पत्ताही नसतो. पेज उघडून राइट क्लिक, व्ह्यू पेज सोर्स, तिथे `<title>` शोधा आणि खरंच काय छापलंय ते वाचा. साइटचं नाव गूगल रिझल्टच्या वर वेगळं दाखवतोच, प्रॉडक्ट पेजांवरून `%%sep%% %%sitename%%` काढून टाकलं तरी चालतं.

मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या पेजची यूआरएल तपासून पुन्हा इंडेक्स करायची विनंती द्या आणि काही दिवस शांत बसा. नंतर गूगलमध्ये कोड टाकून बघा रिझल्टमध्ये काय दिसतंय. तुमच्याऐवजी भलतंच टायटल दिसत असेल तर पहिल्यांदा हेडिंग तपासा, बऱ्याचदा तिथे जुनंच "आमची उत्पादनं" किंवा नुसता कोड पडलेला असतो आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून गूगल स्वतःचं डोकं चालवतो. दुसरं कारण म्हणजे सिरीजमधल्या सगळ्या पेजांना एकच टायटल.

ट्रेड पोर्टलवरचं लिस्टिंग वेगळं समजा. तिथे फ्लो, हेड, एचपी, मटेरियल यांचे वेगळे रकाने असतात आणि खरेदीदार त्यावरून गाळतात, तेव्हा तिथे रकाने प्रामाणिकपणे भरणं टायटलपेक्षा जास्त महत्त्वाचं, आणि टायटलात प्रकार, साइज आणि कोड पुरे.

पायरी 8: सुधारलं का ते कसं ओळखायचं

सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये फक्त या पेजचा फिल्टर लावा आणि क्लिकपेक्षा क्वेरी वाचा. क्लिक महिन्याला बोटांवर मोजण्याइतके असतील, त्यावरून टक्केवारी काढून बॉसला ग्राफ दाखवण्यात अर्थ नाही. क्वेरीत "सेल्फ प्रायमिंग", "सीवेज", "ईटीपी", कोड असं दिसायला लागलं तर दिशा बरोबर आहे. ड्रिलिंग रिग किंवा घरगुती अर्धा एचपी अशा क्वेरी दिसल्या तर मजकुरातला कुठला तरी शब्द त्यांना बोलावतोय. फार कमी लोकांनी केलेले सर्च तिथे दाखवतच नाहीत, आणि आपल्या धंद्यातले बरेच सर्च तसेच असतात, म्हणून यादी अर्धवट आहे हे धरूनच वाचा. खरी नोंद सेल्सकडे: एन्क्वायरी आली की कुठल्या पेजवरून आली आणि माणसाने फ्लो-हेड काय मागितलं एवढं लिहून ठेवायला सांगा. चुकीच्या कॅपॅसिटीच्या एन्क्वायरी कमी झाल्या का, हे तिथेच कळतं.

तुलना करताना पावसाळा विसरू नका. पाणी उपसायच्या पंपाची मे-जूनमधली धावपळ आणि जानेवारी यांची तुलना करून "टायटलने कमाल केली" म्हणाल तर फसाल. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा डेटा ठेवतो, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून बघा.

आणि दर आठवड्याला टायटल बदलू नका, निदान दोनेक महिने एक राहू दे. पुढेमागे कंपनीने पंप सुधारून `VSP-80A` काढला तर जुनं पेज उडवायचं नाही. यूआरएल तीच ठेवा, टायटलात नवा कोड टाका, आणि मजकुरात वरच लिहा की `VSP-80` च्या जागी हा बसतो, फूटिंगचे बोल्ट तेच की वेगळे, सील तेच की वेगळं. जुनी नेमप्लेट वाचून येणारा माणूस पुढची बरीच वर्षं येत राहणार आहे, आणि त्याला हेच विचारायचं असतं.